मूठभर डाळ, मूठभर दाणे: अळूच्या भाजीचं कार्ड

*"आईच्या हातची अळूची पातळ भाजी शेजारच्या ताईंना फार आवडली, त्यांना कार्डावर लिहून द्यायची आहे. त्या कानपूरच्या, घरी वजनकाटा आणि मापाचे चमचे आहेत. आई सांगते मूठभर चणाडाळ, मूठभर दाणे, लिंबाएवढी चिंच, बाकी अंदाजाने. एक मूठ म्हणजे किती ग्रॅम धरू?"*

आकडाच हवा असेल तर सांगते: मध्यम हाताच्या बाईची मिटलेली मूठ चणाडाळीची साधारण ३५ ते ५० ग्रॅम भरते. पण यातला कुठलाही आकडा उचलून कार्डावर टाकू नका. ३५ ग्रॅमची भाजी आणि ५० ग्रॅमची भाजी एक नव्हे, आणि तुमच्या आईची मूठ यात कुठे बसते ते तुम्हाला अजून माहीत नाही. खरं तर आईलाही माहीत नाही.

माझं पोळीभाजी केंद्र आहे, अठरा वर्षं झाली. सुरुवातीला सगळं मी स्वतः करायची, पुढे मदतीला बायका आल्या आणि घरच्या भाज्या कागदावर उतरवायची वेळ आली. पहिली उतरवली ती हीच, सासूबाईंची अळूची भाजी. त्यांच्यासमोर वही घेऊन बसले, त्यांनी सांगितलं तसं लिहिलं, मुठीच्या जागी ४० ग्रॅम घातले. दुसऱ्या दिवशी भाजी झाली ती आंबटढाण, आणि डाळ दाताखाली कचकच. सासूबाईंनी एक घास खाल्ला आणि म्हणाल्या, "हे मी कधी सांगितलं?" सांगितलं होतं त्यांनीच. फक्त त्या सांगतात एक आणि त्यांचा हात करतो दुसरं.

म्हणून आईला विचारू नका, डब्यांना विचारा. आई भाजी करणार असेल त्या दिवशी ती स्वयंपाकघरात यायच्या आधी डाळीचा डबा, दाण्यांची बरणी, गुळाचा डबा, चिंचेची बरणी, बेसनाचा डबा, तेलाची कावळी, सगळं झाकणासकट वजन करून कागदावर टिपून ठेवा. रिकाम्या पातेल्याचंही वजन घ्या, ते पुढे लागणार आहे. मग आईला नेहमीसारखी भाजी करू द्या. भाजी झाली की तेच डबे पुन्हा काट्यावर ठेवा. जे कमी झालं ते भाजीत गेलं.

काटा आईसमोर ठेवून "आता मूठ यात टाक" असं मात्र करू नका. काटा दिसला की हात बिचकतो. शिवाय मूठ घेण्याची खरी पद्धत नीट बघितलीत का कधी? सासूबाई डब्यात हात घालून भरगच्च मूठ काढायच्या, डब्याच्या तोंडाशी ती दोनदा हलवायच्या, बोटांच्या फटीतून थोडी डाळ परत डब्यात पडायची, आणि उरलेलं पातेल्यात. काट्यावर टाकायला सांगितलं तेव्हा हलवणं विसरल्या आणि आकडा दहा ग्रॅमने वाढला. ते दोनदा हलवणं हाच त्यांचा तराजू होता.

हे एकदा करून भागत नाही, तीनदा करा. माझ्याकडे चणाडाळीचे तीन आकडे आले: ४६, ४४ आणि ३३. तिसऱ्याने मी गोंधळले. मग लक्षात आलं की त्या दिवशी डबा तळाला गेला होता, अरुंद तोंडातून हात खाली घालून घेतलेली मूठ छोटी आली. सासूबाई जेवताना आपणहून म्हणाल्याही, "आज डाळ कमी पडली गं." म्हणजे सरासरी काढताना तो आकडा धरायचा नाही. करणारीलाच जो दिवस फसलेला वाटतो, तो सोडून द्यायचा. मी कार्डावर ४५ लिहिले. दाण्यांचे तिन्ही दिवस ३४ ते ३७ च्या आत होते, तिथे ३५.

सगळ्यात मोठी गंमत चिंचेची निघाली. तोंडाने "लिंबाएवढी", डबा सांगतो २२ ग्रॅम. लिंबाएवढा चिंचेचा गोळा चांगला चाळीसच्या घरात जातो. सासूबाई घेत होत्या तो फार तर आवळ्याएवढा, पण त्यांच्या आईने लिंबाएवढी म्हटलं होतं, म्हणून त्याही म्हणायच्या. माझी पहिली भाजी आंबटढाण का झाली ते तेव्हा कळलं. तुमच्याकडे चिंच बियांसकट असेल तर वजन करण्याआधी बिया काढून घ्या, नाहीतर ताईंच्या बिनबियांच्या पाकिटातले २२ ग्रॅम तुमच्यापेक्षा जास्त आंबट पडतील.

आता ग्रॅम कुठे आणि चमचे कुठे. घरगुती काटा एकेक ग्रॅम दाखवतो. ४५ ग्रॅम डाळीत एखादा ग्रॅम इकडेतिकडे झाला तर काही बिघडत नाही, पण दीड ग्रॅम हळदीत तेवढीच चूक म्हणजे हळद एक तृतीयांश किंवा जवळजवळ पावणेदोन पट. त्यातून बरेच काटे चिमूटचिमूट टाकलं तर आकडा हलवतच नाहीत, हिंग टाकत राहिलात तरी शून्यच दिसतो. म्हणून माझा साधा हिशेब: दहा-बारा ग्रॅमच्या वरचं सगळं ग्रॅममध्ये, खालचं सगळं मापाच्या चमच्याने. डाळ, दाणे, गूळ, चिंच, बेसन, अळू काट्यावर. हळद, तिखट, मसाला, मीठ, हिंग, मोहरी, मेथी चमच्याने.

पण आईचा "चमचा" म्हणजे मापाचा चमचा नव्हे. तिच्या मिसळणाच्या डब्यातला तो छोटा स्टीलचा चमचा घ्या, पाण्याने काठोकाठ भरा, ते पाणी वाटीत ओता. असं दहा वेळा करून वाटीतल्या पाण्याचं वजन घ्या आणि दहाने भागा; पाण्याचा एक ग्रॅम म्हणजे एक मिली. आमच्या चमच्यात ३ मिली मावत होतं, मापाचा छोटा चमचा ५ मिलीचा असतो. तरी काम संपत नाही, कारण आई सपाट चमचा घेतच नाही, शीग लावून घेते, आणि तिखटाची शीग चमच्याइतकीच उंच असते. मी सासूबाईंना म्हटलं, तुम्ही भाजीत घालता तसे पाच चमचे तिखट या कागदावर घाला. कागदावरचं ते तिखट मापाच्या चमच्याने सपाट भरून मोजलं, तर सहा भरलं. म्हणजे त्यांचा एक शिगेचा चमचा मापाच्या सपाट सव्वा चमच्याहून किंचित कमी. कार्डावर मी एक सपाट चमचा लिहिला, कारण तिखट चवीप्रमाणे वाढवता येतं, काढता येत नाही. चिमटीचंही असंच: दहा चिमटी हिंग कागदावर काढायला लावा, चमच्याने मोजा, दहाने भागा.

अळूचं वजन जुडीवर लिहू नका, मंडईतली जुडी रोज वेगळी असते. निवडलेली पानं आणि सोललेले देठ वेगवेगळे तोला, आणि धुण्याआधी तोला. धुतल्यावर पानांना पाणी चिकटतं आणि आकडा फुगतो. हेच भिजवण्याच्या बाबतीत, आणि इथे कार्ड सर्रास फसतं. चणाडाळ भिजली की वजनाला जवळपास दुप्पट होते. "४५ ग्रॅम भिजवलेली डाळ" असं लिहिलंत तर ताई आधी भिजवून मग ४५ ग्रॅम तोलतील आणि भाजीत डाळ निम्मीच पडेल. "४५ ग्रॅम कोरडी चणाडाळ, मग ४ तास भिजवा" असंच लिहायचं. बहुतेक आया डाळ भिजवल्याचं सांगतच नाहीत, कारण ती सकाळीच भिजत घातलेली असते आणि स्वयंपाक त्यांच्या लेखी त्यानंतर सुरू होतो. माझ्या पहिल्या भाजीत डाळ कचकचली त्याचं निम्मं कारण हेच होतं. उरलेलं निम्मं चिंचेचं: मी चिंचेचा कोळ आधीच घातला होता, आणि आंबटात डाळ शिजता शिजत नाही. डाळ बोटाने दाबून मोडली, की मगच कोळ. हा क्रम कार्डावर ग्रॅमइतकाच महत्त्वाचा आहे.

पाण्याचं काय? आई म्हणेल "बुडेल इतकं". ते पातेल्याच्या रुंदीवर ठरतं, ताईंचं पातेलं वेगळं, गॅसही वेगळा. पाणी लिहा, पण त्याबरोबर तयार भाजीचं वजनही लिहा. मघाशी रिकाम्या पातेल्याचं वजन घ्यायला सांगितलं ते यासाठीच. भाजी झाली की काट्यावर लाकडी पाट किंवा घडी केलेलं जाड फडकं ठेवून काटा शून्यावर आणा आणि वर पातेलं ठेवा. गरम पातेलं थेट ठेवलंत तर काट्याची वाट लागेल. आमची भाजी ११०० ते ११५० ग्रॅम भरायची. ताईंची १३०० भरली तर पाणी आटायचं आहे, ९५० भरली तर अर्धा पेला गरम पाणी घालायचं आहे. त्यांना आईच्या भाजीचा दाटपणा डोळ्यांनी ओळखीचा नाही, पण वजन ओळखता येईल.

मिठाची पडताळणीही या वजनानेच होते. अशा पातळ भाज्यांत मीठ तयार वजनाच्या एक टक्क्याच्या आसपास बसतं, म्हणजे ११०० ग्रॅमला ११ ग्रॅम. बारीक मिठाचा सपाट छोटा चमचा ५ ते ६ ग्रॅमचा, तेव्हा दोन चमचे. आईच्या मिठाच्या बरणीने ५ ग्रॅम सांगितले किंवा २० सांगितले, तर मोजण्यात कुठेतरी चूक झाली असं समजा. आई खडेमीठ वापरत असेल तर मात्र चमच्याचा आकडा ताईंना देऊ नका, खड्यांमध्ये हवा असते आणि चमच्यात मीठ कमी बसतं. बारीक मिठात बदलून लिहा. मी कार्डावर दीड चमचा आधी आणि उरलेलं शेवटी चव बघून असं लिहिते, कारण गूळ-चिंच मुरेपर्यंत मिठाचा नेमका अंदाज येत नाही.

काही गोष्टी मात्र मोजूनही सुटणार नाहीत. गोडा मसाला घराघरात वेगळा. कानपूरच्या ताईंच्या घरी तो नसणारच, आणि त्याऐवजी गरम मसाला घातला तर ती अळूची भाजी राहणार नाही. कार्डाबरोबर आईच्या मसाल्याची छोटी बाटली द्या, दुसरा इलाज नाही. गूळ पिवळा की काळा यावर गोडी बदलते. अळूही दोन प्रकारचा: काळपट देठाचा वडीचा, हिरव्या देठाचा भाजीचा. भाजीला हिरव्या देठाचा घ्या असं लिहा. आणि खाज. अळूत सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते हाताला आणि घशाला टोचतात. चिरताना हाताला तेल किंवा चिंच, आणि भाजी पूर्ण शिजवलेली हवी. चिंच आईने उगीच घातलेली नाही. "आंबट नको" म्हणून ताईंनी ती गाळली तर घसा खवखवेल, ही एक ओळ कार्डावर असू द्या.

भाषेचं एक सांगते. ताईंना देवनागरी वाचता येते म्हणून मराठीतच लिहायला हरकत नाही, पण ओळखीची अक्षरं फसवतात. आपण "दाणे" म्हणतो ते त्यांच्यासाठी मूंगफली, "तिखट" म्हणजे लाल मिरचीची पूड, "अळू" म्हणजे अरबीचे पत्ते. माझ्याकडच्या एका उत्तरेकडच्या मुलीने "अळू" वाचून बटाटे सोलून ठेवले होते. तिची काय चूक?

माझं कार्ड खाली देते, ते नमुना म्हणून घ्या. आकडे तुमच्या आईच्या डब्यांचेच घाला.

अळूची पातळ भाजी (अरबीचे पत्ते) – ४ ते ५ जणांना, तयार वजन ११०० ते ११५० ग्रॅम

चमचा म्हणजे ५ मिलीचा, सपाट. मोठा चमचा १५ मिलीचा, सपाट.

*चार तास आधी:* चणाडाळ ४५ ग्रॅम आणि कच्चे शेंगदाणे (मूंगफली) ३५ ग्रॅम, दोन्ही कोरडे तोलून एकत्र भिजवा. भिजवलेलं पाणी टाकून द्या.

*तोलून ठेवा:* अळूची पानं २०० ग्रॅम, सोललेले देठ १०० ग्रॅम (दोन्ही न धुता). बिया काढलेली चिंच २२ ग्रॅम, १०० मिली गरम पाण्यात भिजवून कोळ काढा. किसलेला गूळ ३५ ग्रॅम. बेसन २० ग्रॅम. ओल्या नारळाचे पातळ काप २० ग्रॅम.

*चमच्याने:* हळद अर्धा, लाल मिरची पूड १, गोडा मसाला (बाटलीतला) २, बारीक मीठ दीड आणि वरून अर्धा. फोडणीला तेल २ मोठे चमचे, मोहरी अर्धा, मेथीदाणे पाव, हिंग पाव, सुक्या मिरच्या २.

*कृती:* हाताला तेल लावून अळू धुऊन बारीक चिरा. अळू, डाळ, दाणे आणि २५० मिली पाणी कुकरमध्ये, ३ शिट्ट्या. उघडल्यावर डाळ बोटाने दाबून बघा. मोडत नसेल तर आणखी एक शिट्टी. डाळ मोडल्याशिवाय चिंच घालायची नाही. अळू डावाने घोटा, डाळ-दाणे अख्खे राहिले पाहिजेत. बेसन थोड्या पाण्यात गुठळी न ठेवता कालवून त्यात मिसळा. पातेल्यात तेल तापवून मोहरी तडतडू द्या, मग मेथी लालसर झाली की लगेच हिंग, हळद, मिरच्या. मेथी काळी झाली तर फोडणी कडू, ती टाकून नवी करा. घोटलेलं अळू फोडणीत ओता, ४५० मिली गरम पाणी (बेसन कालवलेलं पाणी यातलंच), मिरची पूड, खोबऱ्याचे काप. उकळी आली की कोळ, गूळ, मसाला, दीड चमचा मीठ. मंद आचेवर १० ते १२ मिनिटं, तळाला लागू नये म्हणून ढवळत. बेसनाचा कच्चा वास गेला आणि डाव उचलल्यावर त्याच्या पाठीवर भाजीचा थर राहिला, की झाली. मग तोला, चव बघा, उरलेलं मीठ घाला.

*चिंच कमी करू नका, घसा खवखवतो.*

आठ जणांना करायची असेल तर सगळं दुप्पट घ्या, फक्त पाणी आधी पावणेदोन पट घालून बघा, कारण मोठ्या पातेल्यात आटणं दुप्पट होत नाही. फोडणीचं तेलही दीडपट पुरतं.

कार्ड हातात दिलंत म्हणजे काम झालं असं समजू नका. पहिल्या वेळी ताईंच्या स्वयंपाकघरात जाऊन बसा आणि तोंड बंद ठेवा. त्यांनी "म्हणजे किती?" किंवा "हे आता की नंतर?" असं जिथे विचारलं, तिथे उत्तर देण्याआधी कार्डावर खूण करा. माझ्या पहिल्या कार्डावर अशा अकरा खुणा पडल्या होत्या, त्यातल्या चार एकट्या फोडणीच्या ओळीत. "मेथी लालसर" ही सूचना त्यातूनच आली. त्याआधी मी नुसतं "मेथी घाला" लिहिलं होतं आणि समोरची बाई मेथी काळी होईपर्यंत माझ्याकडे बघत उभी होती.